निवणारा चहा आणि घातांकी सीमा

कपातला गरम चहा निवत निवत खोलीच्या तापमानाकडे जातो. या घटनेचे गणिती वर्णन घातांकी फलनाने करता येते आणि खोलीचे तापमान ही त्या फलनाची सीमा असते. याच्या मुळाशी न्यूटनचा शीतलनाचा नियम आहे. निवणाऱ्या वस्तूंबद्दलचा न्यूटनचा निबंध १७०१ साली निनावी प्रसिद्ध झाला होता. नियम असा: तापमान कोणत्याही क्षणी किती वेगाने उतरते, ते त्या क्षणी चहा आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांत किती फरक आहे यावर ठरते. फरक निम्मा झाला की उतरण्याचा वेगही निम्मा होतो. हा नियम अवकल समीकरणाच्या रूपात मांडून सोडवल्यावर पुढील सूत्र मिळते.

T(t) = Tₐ + (T₀ − Tₐ)e^(−kt)

यात T(t) हे t वेळेनंतरचे चहाचे तापमान, Tₐ हे खोलीचे तापमान, T₀ हे चहाचे सुरुवातीचे तापमान आणि k हा कप, त्यातला चहा व हवेची हालचाल यांवर अवलंबून असणारा स्थिरांक आहे.

समजा खोली २५ अंश सेल्सिअसवर आहे, चहा ८५ अंशांवर आहे आणि १० मिनिटांनी तो ६५ अंशांवर आला. सुरुवातीचा ६० अंशांचा फरक आता ४० उरला, म्हणजे दोन तृतीयांश झाला. पुढच्या प्रत्येक १० मिनिटांत उरलेल्या फरकाचे पुन्हा दोन तृतीयांशच होत राहतात. त्यामुळे २० मिनिटांनी चहा सुमारे ५१.७ अंशांवर येतो, ३० मिनिटांनी ४२.८ वर आणि तासाभराने ३०.३ वर. फरक दर वेळी एकाच पटीत घटतो, तो शून्य मात्र कधीच होत नाही. म्हणून t कितीही मोठा घेतला तरी सूत्रातले तापमान २५ च्या किंचित वरच राहते.

मग ‘सीमा २५ आहे’ याचा अर्थ काय? तुम्ही कितीही लहान फरक सांगा, एका ठरावीक वेळेनंतर चहा कायमचा त्या फरकाच्या आत असतो. वरच्या उदाहरणात १ अंशाच्या आत येण्यास सुमारे १०१ मिनिटे लागतात, ०.१ अंशाच्या आत येण्यास १५८ आणि ०.०१ साठी २१५. अचूकता दहापट वाढवायची तर दर वेळी तीच ५७ मिनिटे जास्त लागतात. घातांकी फलन सीमेकडे कसे जाते, हे मला यातच सर्वांत स्पष्ट दिसते.

सीमेपर्यंत न थांबताही ती काढता येते. समान अंतराने घेतलेली तीन मापे त्याला पुरतात. वरच्या मापांत पहिली घट २० अंशांची आणि दुसरी १३.३ अंशांची आहे, म्हणजे गुणोत्तर दोन तृतीयांश. पुढच्या सगळ्या घटी याच गुणोत्तराच्या भूमिती श्रेढीत येतात आणि या अनंत श्रेढीची बेरीज २० ÷ (१ − २/३) = ६० होते. ८५ मधून ६० वजा केले की २५ उरतात. खोलीचा तापमापक न पाहताच खोलीचे तापमान मिळाले. ही रीत देखणी असली तरी नाजूक आहे. तिसरे माप ५१.७ ऐवजी ५२ वाचले, तर गुणोत्तर ०.६५ होते आणि सीमा जवळजवळ २८ अंश निघते. मापातली एक तृतीयांश अंशाची चूक उत्तरात सुमारे तीन अंशांची होते. मापांमधले अंतर वाढवले की हा दोष बराच कमी होतो.

खरा चहा हे सूत्र तंतोतंत पाळत नाही. अगदी गरम असताना बाष्पीभवनामुळे बरीच उष्णता जाते, आणि ही उष्णता तापमानातील फरकाच्या सम प्रमाणात नसते. तापलेल्या हवेचे अभिसरणही फरक मोठा असताना जास्त जोमाने चालते. ड्युलाँग आणि पेटिट या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१७ मध्येच दाखवून दिले होते की न्यूटनचा नियम लहान फरकांपुरताच चांगला लागू पडतो. हे ओळखण्यासाठी फरकाच्या नैसर्गिक लॉगरिदमचा वेळेशी आलेख काढावा. नियम पाळला जात असेल तर सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार −k असतो. उघड्या कपाच्या आलेखात सुरुवातीचा भाग जास्त उभा असतो आणि रेषा नंतर सरळ होत जाते. सुरुवातीची तीन मापे घेतली तर सीमा खऱ्यापेक्षा जास्त निघते, ती याच कारणाने.

आलेखाच्या दुसऱ्या टोकालाही एक अडचण आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. हवा बाष्पाने संपृक्त नसेल तर उघड्या कपातले बाष्पीभवन चहा खोलीइतका निवल्यावरही थांबत नाही. त्यामुळे चहा खोलीच्या तापमानाच्या थोडा खाली उतरून तिथे स्थिरावतो. कोरड्या हवेत हा फरक साध्या तापमापकावरही दिसू शकतो. अशा वेळी Tₐ च्या जागी खोलीचे तापमान घातले तर शेवटी फरक ऋण होतो, त्याचा लॉगरिदम घेता येत नाही आणि आलेख शेवटाकडे एकदम खाली कोसळतो. घट्ट झाकण ठेवलेल्या कपात बाष्पीभवन जवळजवळ बंद होते, म्हणून तिथे सीमा खोलीचे तापमान हीच राहते. उघड्या कपासाठी मात्र Tₐ म्हणून चहा प्रत्यक्षात जिथे स्थिरावतो ते तापमान घ्यावे लागते.