गंजलेली लोखंडी कढई : गंज काढणे आणि पुन्हा मुरवणे

लोखंडी कढई किंवा तवा गंजतो तो त्यावरचा तेलाचा जुना काळा थर कुठेतरी तुटल्यावर. तिथला गंज काढायचा आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर तेल तापवून नवा थर चढवायचा, या कामाला भांडे पुन्हा मुरवणे किंवा सीझन करणे म्हणतात. घडीव पत्र्याच्या आणि बिडाच्या अशा दोन्ही भांड्यांना ते लागू पडते. किती गंज काढायचा, कुठे थांबायचे आणि थर किती पातळ हवा, हे मात्र भांडे नीट पाहिल्याशिवाय ठरत नाही.

सोबतच्या छायाचित्रातली कढई पत्रा ठोकून घडवलेली आहे. तिचा व्यास सुमारे २६ सेंटीमीटर असून दोन कान रिवेटने जोडले आहेत. आतल्या बाजूला काठापासून निम्म्यापर्यंत काळा, किंचित चमकदार थर शाबूत दिसतो. त्याखाली एक गोल रेघ आहे आणि रेघेच्या आत तळापर्यंत नारिंगी गंज पसरला आहे. रेघेवरून कारण उलगडते. कढईत रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ पाणी भिजत राहिले, आणि पाण्याची पातळी जिथे होती तिथे रेघ उमटली. गंज या रेघेपाशी दाट साठलेला दिसतो. लोखंड मात्र जास्त खाल्ले जाते ते रेघेच्या जरा खाली, जिथे ऑक्सिजन कमी पोचतो. त्यामुळे साफ करताना खड्डे शोधायचे ते रेघेच्या खालच्या बोटभर पट्ट्यात.

याच छायाचित्रात एका कानाच्या रिवेटखालून तपकिरी ओघळ उतरलेला दिसतो. पत्रा आणि कान यांच्या फटीत पाणी अडकते आणि तिथला गंज बाहेरून घासून जात नाही. भांडे बाकी सगळे चकचकीत झाले तरी पुन्हा गंज दिसू लागतो तो याच जागेवरून.

छायाचित्र काही गोष्टी सांगू शकत नाही. समोरून पडलेल्या उजेडात नारिंगी भुकटी आणि खोल खड्डा सारखेच दिसतात. उजेड बाजूने, तिरका पाडला तर खड्ड्याच्या कडेला सावली पडते. पत्रा आरपार गेला आहे का, हे कढई उजेडासमोर धरून कळते. शंका राहिली तर तिच्यात पाणी भरून ती तासभर कोऱ्या कागदावर ठेवावी. कागद ओला झाला, तर अशी कढई मुरवून उपयोग नाही. बिडाचा तवा असेल, तर तो एका बोटावर अधांतरी धरून लाकडी चमच्याने टिचकी मारावी. अखंड बीड घणघणते आणि तडा गेलेले बद्द वाजते. आणखी एक खात्री आधीच करावी लागते. भांड्यावर जस्ताचा मुलामा, जुना रंग किंवा नॉनस्टिक लेप असेल, तर ही पद्धत त्यासाठी नाही. जस्त आणि लेप जोरात तापले की घातक धूर निघतो, आणि जुन्या रंगात शिसे असू शकते.

गंज काढणे

गंज म्हणजे पाणी धरून ठेवणारा लोहाचा ऑक्साइड. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, सच्छिद्र असतो आणि पोपड्यांनी सुटतो. म्हणून तो खालच्या धातूचे रक्षण करत नाही, आणि त्यावर चढवलेला तेलाचा थरही त्याच्यासकट निघून येतो. पुन्हा मुरवण्याची बरीच कामे इथेच फसतात. वरून तेल लावले की नारिंगी रंग गडद तपकिरी दिसतो आणि गंज गेला असे वाटते.

सुरुवात कोरड्याने करावी. स्टीलच्या तारेच्या घासणीने सुटा गंज आधी कोरडाच घासून झटकून टाकावा, कारण पाणी घातले की त्याचा चिखल होतो आणि खालचे काही दिसत नाही. मग गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने जुने तेल धुवावे. तेलकट जागी आम्ल पोचत नाही.

उरलेल्या चिकट गंजासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात मिसळावे. या कढईच्या बाबतीत बादली लागत नाही. गंज आत आणि खालीच आहे, तेव्हा कढईतच मिश्रण ओतावे आणि पातळी जुन्या रेघेच्या बोटभर वर ठेवावी. रिवेटपाशी व्हिनेगरमध्ये भिजवलेली कापडाची चिंधी गुंडाळावी. अर्ध्या तासाने मिश्रण ओतून घासावे आणि गरज असेल तर पुन्हा अर्धा तास भरावे. मध्यम गंजाला दोन-तीन फेऱ्या पुरतात.

रात्रभर ठेवण्याचा मोह टाळावा. व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल आधी गंज विरघळवते, पण गंज संपला की ते लोखंडाकडे वळते. तळाशी बारीक बुडबुडे सतत उठू लागले, तर आम्ल धातू खात आहे आणि थांबण्याची वेळ झाली आहे. जास्त वेळ राहिले, तर पातळीपाशी नवीन खडबडीत रेघ पडते आणि तळ राखाडी, खरखरीत होतो. व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

रेघेवरचा शाबूत काळा थर काढायचा का? सगळे भांडे पांढरे होईपर्यंत घासायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. घट्ट बसलेला थर वर्षानुवर्षांच्या स्वयंपाकाने तयार झालेला असतो, आणि नवा थर त्याच्यावर नीट बसतो. फक्त त्याची कड जिथे गंजाला भिडते तिथे पाहावे. नखाने खरवडल्यावर तो पापुद्र्यासारखा उचलला गेला, तर तो भाग घट्ट थर लागेपर्यंत काढावा आणि कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरती करावी. उभी कड राहिली तर थर तिथूनच पुन्हा सुटतो. तळाबाहेरची जाड जळकी पुटे मात्र खरवडून काढावीत. ती उष्णता अडवतात, आणि त्यांच्याखाली ओल साठते.

ग्राइंडरला लावलेली तारेची चकती काम पटकन करते, पण पातळ पत्र्यावर ती खोल ओरखडे काढते किंवा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करते. थराला पकडायला थोडा खरखरीतपणा लागतो, म्हणून हाताची घासणीच बरी.

काम झाल्याची खूण रंगात आहे. घडीव लोखंड साफ झाल्यावर राखाडी दिसते. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहिले तरी चालतात, नारिंगी ठिपके चालत नाहीत. बिडाच्या तव्यावर पांढरे फडके फिरवल्यास काळे उमटते. ते बिडातले कार्बन आहे, घाण नाही.

कोरडे करणे

या टप्प्याला पाच-दहा मिनिटेच लागतात, पण त्यात दिरंगाई चालत नाही. चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून आम्ल धुवावे, साध्या पाण्याने खळखळून घ्यावे आणि लगेच पुसून मंद आचेवर ठेवावे. नुकतेच उघडे पडलेले लोखंड पाहता पाहता नारिंगी झाक धरते. तशी झाक आलीच, तर कोरड्या घासणीने घासून काढावी आणि पुन्हा धुऊ नये. कानांच्या फटीतली ओल जायला वेळ लागतो, म्हणून रिवेटभोवती वाफ दिसेनाशी झाल्यावरही आच आणखी ५ मिनिटे ठेवावी.

थर चढवणे

तापलेल्या लोखंडावर पातळ तेल पसरले की त्यातली असंतृप्त मेदाम्ले ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडली जातात आणि एक कडक जाळे तयार होते. हे बहुवारिकीकरण आहे. तयार झालेला थर तेलाचा राहत नाही, म्हणून तो सौम्य साबणाने धुतला जात नाही. साबण लावूच नये हा समज तीव्र क्षार असलेल्या साबणांपासून आला असावा. तेव्हा तो बरोबरही होता, कारण क्षार हा थर खातात.

जितके तेल असंतृप्त तितके जाळे लवकर बनते. म्हणून सूर्यफूल आणि सोयाबीन तेल या कामाला चांगले, खोबरेल आणि तूप कमजोर. जवसाचे तेल सर्वांत वेगाने कडक होते आणि दिसते सुंदर, पण त्याचा थर ठिसूळ असतो. रोज उलथने फिरणाऱ्या कढईत त्याचे पापुद्रे सुटतात.

२६ सेंटीमीटरच्या कढईला आत-बाहेर मिळून अर्धा चहाचा चमचा तेल पुरते. कोमट कढईला ते सर्वत्र चोळावे आणि मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने, जणू चुकून लागले आहे अशा निश्चयाने, पुसून काढावे. नजरेला तेल दिसू नये, फक्त बोटाला सटकल्यासारखे लागावे. तेवढेच हवे असते.

ओव्हन असेल तर कढई पालथी घालून २३० अंश सेल्सिअसला तासभर ठेवावी आणि आतच थंड होऊ द्यावी. शेगडीवर तळ तापतो आणि बाजू मागे राहतात. म्हणून आधी मंद, मग मध्यम आचेवर तळ तापवावा. धूर सुरू होऊन थांबला की कढई पक्कडीने तिरकी धरून बाजूचा एकेक भाग ४-५ मिनिटे ज्योतीवर फिरवावा. खिडक्या उघड्या असाव्यात. एकदम मोठी आच दिली तर पातळ पत्र्याचा तवा मधोमध फुगतो. तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर तडा जातो.

पहिल्या थरानंतर कढई काळी होत नाही, तपकिरी-सोनेरी दिसते. पत्र्यावर निळसर छटाही येईल. ती धातू तापल्याने आलेल्या ऑक्साइडची आहे, मुरवणीची नाही. तीन ते पाच थरांनंतर रंग गडद तपकिरी होतो, आणि खरा काळा रंग पुढच्या काही आठवड्यांच्या तळणाने येतो.

चुकले कुठे, ते कसे ओळखायचे

कढई थंड झाल्यावर हाताला चिकट लागली, किंवा थरावर थेंब आणि ओघळ गोठलेले दिसले, तर तेल जास्त झाले होते. सौम्य चिकटपणा तासभर आणखी तापवून जातो. गोठलेले ओघळ खरवडावेच लागतात. थर कोरडा, पण भुरका आणि नखाने भुकटी होणारा असेल, तर तो जळला आहे. आच जास्त होती.

गंज राहिला का हे ओळखायला कढई पाण्याने ओली करून पुसावी, उबेवर सुकवावी आणि एक दिवस तशीच ठेवावी. मग पांढरे फडके फिरवावे. काळसर तपकिरी उमटले तर हरकत नाही. नारिंगी उमटले तर ती जागा शोधावी, आणि बहुधा ती रेघेखालचा खड्डा किंवा रिवेटच असेल. तेवढ्याच जागेवर व्हिनेगरची चिंधी १५ मिनिटे ठेवून, घासून, वाळवून दोन थर द्यावेत. सबंध कढई पुन्हा उघडी करण्याची गरज नसते.

पहिले काही दिवस तिच्यात तळण किंवा कांदा परतणे करावे. चिंच, टोमॅटो, कोकम घातलेले पदार्थ महिनाभर टाळावेत, कारण आम्ल हा कोवळा थर विरघळवत नाही, पण त्याच्या बारीक फटींतून लोखंडाला गाठते आणि थर खालून सोडवते. पदार्थ काळा पडून धातूची चव लागली, तर तेच झालेले असते. प्रत्येक वापरानंतर कढई धुऊन आचेवर सुकवावी. रिवेटभोवती तेलाचा एक थेंब बोटाने फटीत जिरवावा आणि उरलेला पुसून टाकावा.