फ्युचर्स स्पॉटच्या खाली का घसरतात: १९८७ चा डिस्काउंट

निर्देशांकाचे फ्युचर्स स्पॉटच्या, म्हणजे चालू भावाच्या, खाली गेले, म्हणजेच डिस्काउंटला आले, की ‘मंदीवाल्यांनी जोर धरला’ असा अर्थ लगेच लावला जातो. तो अर्धाच खरा आहे, हे १९८७ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला तेव्हा दिसले.

फेब्रुवारी १९८२ मध्ये कॅन्सस सिटीत व्हॅल्यू लाइन निर्देशांकाचे फ्युचर्स सुरू झाले, एप्रिलमध्ये शिकागोत एस अँड पी ५०० चे. हिशेब साधा होता. शेअर आज घेऊन एक्स्पायरीपर्यंत सांभाळायचे तर पैशावर व्याज पडते आणि मधल्या काळात लाभांश मिळतो. व्याजातून लाभांश वजा केला की उरतो तेवढा प्रीमियम रास्त. भाव त्यापासून ढळला की आर्बिट्राजवाले स्वस्त बाजू घेतात, महाग बाजू विकतात आणि तफावत मिटते. म्हणून तुलना शून्याशी नव्हे, या रास्त प्रीमियमशी करायची.

पुढे मोठ्या फंडांनी ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ उचलला. बाजार जसजसा पडेल तसतसे फ्युचर्स विकत जायचे, एवढाच नियम. विकणाऱ्याचे मत मंदीचे असेलच असे नाही; सूत्राने सांगितले म्हणून तो विकत असे.

१९ ऑक्टोबर १९८७ ला एस अँड पी ५०० बंद झाला २२४.८४ वर, तर डिसेंबर फ्युचर्स २०१.५० वर. एक-दोन अंकांचा प्रीमियम रास्त ठरला असता, तिथे तेवीस अंकांहून जास्त, म्हणजे दहा टक्क्यांचा डिस्काउंट होता. सूत्राने होणारी विक्री हे त्याचे एक कारण. दुसरे मला जास्त महत्त्वाचे वाटते: ती तफावत मिटवणारेच अडकले होते. न्यूयॉर्कमध्ये ऑर्डर तुंबल्या होत्या, आणि जवळ शेअर नसणाऱ्याला पडत्या भावात शॉर्ट करायला नियमाची आडकाठी होती. सकाळी तर कित्येक बड्या शेअर्समध्ये सौदेच सुरू झाले नव्हते, त्यामुळे निर्देशांक शुक्रवारचे जुने भाव धरून मोजला जात होता. त्या वेळचा बराचसा डिस्काउंट हा शिळ्या स्पॉटमुळे दिसत होता.

चीनमध्ये सप्टेंबर २०१५ मध्ये याचीच दुसरी बाजू दिसली. तिथे सट्ट्यासाठीच्या निर्देशांक फ्युचर्सवर ४० टक्के मार्जिन आणि दिवसाला दहा नव्या काँट्रॅक्टची मर्यादा आली. सट्टेवाल्या विक्रेत्यांना आवर घातला, तरी डिस्काउंट टिकून राहिला. हेजिंगसाठी विकणारे फंड बाजारात होतेच. समोर घेणारे मात्र आटले होते.

नेहमीच्या दिवशी मात्र डिस्काउंटसोबत ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेल्या काँट्रॅक्टची संख्या, पाहिला तर बरेच कळते. भाव पडताना डिस्काउंट वाढतोय आणि ओपन इंटरेस्टही वाढतोय, तर नवे शॉर्ट उभे राहत असण्याची शक्यता जास्त. ओपन इंटरेस्ट घटत असेल तर जुने लाँग बाहेर पडत आहेत, आणि अशी विक्री लाँग संपले की थांबते.