श्वेतस्नायू रोग (वासरे व कोकरे)

श्वेतस्नायू रोग हा वासरे, कोकरे आणि करडे यांना सेलेनियम हे सूक्ष्म खनिज, ई जीवनसत्त्व किंवा या दोन्हींच्या कमतरतेमुळे होणारा स्नायूंचा आजार आहे. इंग्रजीतील ‘व्हाइट मसल डिसीज’ हेच नाव पशुवैद्यकात अधिक रुळले आहे. मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन केले की मांडीचा, खांद्याचा किंवा हृदयाचा स्नायू लालसर दिसण्याऐवजी फिकट, कोरडा आणि उकडलेल्या माशासारखा पांढरट दिसतो. मृत स्नायुतंतूंत चुना साठल्यामुळे त्यावर खडूसारखे पट्टे उठतात व सुरी फिरवताना किरकिर जाणवते. हे पट्टे बहुधा शरीराच्या दोन्ही बाजूंना सारख्याच जागी असतात. मार लागल्याने किंवा जंतूंमुळे झालेली इजा सहसा एका बाजूला असते, त्यामुळे ही समानता निदानाला फार उपयोगी पडते.

हा संसर्गजन्य रोग नाही. तरीही एकाच कळपातली अनेक कोकरे चार दिवसांत आजारी पडतात, कारण त्यांच्या आया एकाच रानातला चारा खाऊन गाभण काळ काढतात. पाळणाऱ्याला साथ आल्यासारखे वाटते व प्रतिजैविके सुरू होतात. त्यात मोलाचे दिवस जातात.

सेलेनियमचा संबंध स्पष्ट झाला तो अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात. राज्याच्या मध्यभागी ज्वालामुखीजन्य जमिनी आहेत. तिथल्या गवताचा आणि क्लोव्हरचा वाळका चारा दिसायला उत्तम असे, पण तो खाणाऱ्या मेंढ्यांची कोकरे आणि गायींची वासरे ताठरून मरत. सेलेनियमची तोवरची ओळख मुख्यतः विष म्हणून होती. अमेरिकेच्याच मैदानी राज्यांत सेलेनियमयुक्त जमिनीवर चरणाऱ्या जनावरांचे केस व खूर गळून पडत. १९५७ मध्ये श्वार्त्स आणि फोल्ट्झ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून अत्यल्प सेलेनियम शरीराला आवश्यक असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी ओरेगॉनमधील मुथ, ओल्डफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट भागातला चारा गाभण मेंढ्यांना दिला व काहींच्या खाद्यात दहा लाख भागांत ०.१ भाग एवढे सेलेनियम मिसळले. एक टन चाऱ्याला हे प्रमाण अवघे १०० मिलिग्रॅम होते, पण तेवढ्याने कोकरे रोगापासून वाचली. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील प्यूमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या जमिनींतही अशीच उणीव आढळली, आणि कोकरांची वाढ खुंटणे हेही तिचेच एक रूप असल्याचे तिथे कळले.

स्नायू काम करतो तेव्हा प्राणवायू वापरला जातो व पेरॉक्साइडसारखी दाहक संयुगे तयार होतात. पेशीच्या आवरणातील मेद त्यांनी जळू नये म्हणून शरीरात दोन पहारे असतात. ई जीवनसत्त्व आवरणातच राहून मेदाचे ज्वलन थोपवते. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर पेशीच्या द्रवात पेरॉक्साइड नष्ट करते, आणि या विकरात सेलेनियम असते हे १९७३ मध्ये सिद्ध झाले. एक पहारा कमी पडला तर दुसरा काही प्रमाणात भार उचलतो. म्हणूनच काही कळपांत सेलेनियम कमी असूनही रोग दिसत नाही. दोन्ही ढासळले की आवरण फुटते, कॅल्शियम पेशीत घुसते, तंतू आकसून मरतो व त्यात चुना साठतो.

कोणता स्नायू आधी बिघडेल हे बहुतांशी त्याच्यावर पडणाऱ्या कामावरून ठरते, आणि या रोगाची निरनिराळी रूपे त्यामुळेच समजतात. गर्भात पाय फारसे राबत नाहीत, हृदय मात्र अखंड चालते. त्यामुळे कमतरता गर्भातच तीव्र असेल तर पिल्लू मेलेले जन्मते किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत हृदय थांबून मरते. जिभेचा स्नायू बिघडला तर पिल्लाला भूक असते, ते आचळाजवळ जाते, पण त्याला ओढता येत नाही. तीन ते सहा आठवड्यांचे कोकरू उड्या मारू लागते, तेव्हा मांड्या, खांदे व पाठ यांचा नंबर लागतो. हिवाळाभर गोठ्यात पेंढ्यावर ठेवलेली वासरे वसंतात कुरणात सोडली की धावत सुटतात. थंड देशांत हा आजार नेमका त्या आठवड्यात उफाळतो. त्या वेळच्या कोवळ्या गवतात सहज जळणारे मेद भरपूर असतात, त्यानेही भर पडते.

लक्षणे पाहू. महिन्याचे, आठ किलोचे, जुळ्यांपैकी एक कोकरू. कळप दुसऱ्या रानात हाकल्यानंतर दुसऱ्या दिवशी ते मागे पडते. मागचे पाय न वाकवता लाकडासारखे टाकते, पाठ कमानीसारखी करते, थोडे चालले की थरथरून बसते. उचलून उभे केले तर क्षणभर उभे राहते व पुन्हा खाली जाते. मांडीचे स्नायू हाताला घट्ट लागतात आणि दाबले की दुखतात. ताप नसतो किंवा किरकोळ असतो. डोळे तरतरीत असतात, आणि तोंडाशी बाटली धरली तर दूधही पिते. पडून असलेले, पण शुद्धीवर व भुकेले पिल्लू ही या रोगाची सर्वांत बोलकी खूण म्हणावी लागेल.

त्याच कळपातले दुसरे कोकरू मात्र धावता धावता कोसळते. ते मेले नाही तर श्वास जोरात चालतो, पोट उडते, नाकातून फेस येतो, हृदयाचे ठोके जलद व अनियमित लागतात. इथे हृदयाचा स्नायू मेलेला असतो आणि फुप्फुसात पाणी उतरलेले असते. कोकरांत हृदयाची उजवी व वासरांत डावी बाजू जास्त बाधित होते. वासरांत बरगड्यांमधले स्नायू आणि श्वासपटलही बिघडते, त्यामुळे ही स्थिती न्यूमोनिया समजली जाते. छातीत न्यूमोनियाचे घट्ट झालेले फुप्फुस आढळत नाही व प्रतिजैविकाने फरक पडत नाही, तेव्हा हृदयाकडे लक्ष जायला हवे. थोड्या मोठ्या वासरांत मेलेल्या स्नायूंतले रंगद्रव्य लघवीत उतरून ती तपकिरी होते.

प्रयोगशाळेत रक्तातील क्रिएटिन कायनेज हे स्नायूतून गळणारे विकर मोजतात. ते झपाट्याने चढते आणि इजा थांबली की काही तासांतच उतरू लागते. एएसटी हे विकर काही दिवस चढलेले राहते. पहिले खाली व दुसरे वर असेल तर नाश थांबला आहे, असे समजावे. सेलेनियम पुरवल्यानंतर लगेच तांबड्या पेशींतील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मोजण्यात मात्र अर्थ नाही. ते पेशी तयार होतानाच त्यांच्यात बसते, त्यामुळे चढायला काही आठवडे लागतात. निदानासाठी एका आजारी पिल्लापेक्षा कळपातल्या काही निरोगी माद्यांचे रक्त तपासणे जास्त उपयोगाचे, कारण उणीव कळपाची असते.

उपचार म्हणजे सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाचे एकत्र इंजेक्शन आणि पूर्ण विश्रांती. पायांचे स्नायू बिघडलेली पिल्ले साधारण तीन ते पाच दिवसांत आधाराशिवाय उभी राहतात. हृदय बिघडलेली बहुतेक पिल्ले उपचार करूनही मरतात, कारण मेलेला हृदयस्नायू औषधाने परत येत नाही. अशा पिल्लाला तपासण्यासाठी पळवत पकडणे हेच त्याच्या मृत्यूचे कारण ठरू शकते.

मात्रेबाबत सर्वाधिक घोटाळा होतो. इंजेक्शनची नेहमीची मात्रा किलोला सुमारे ०.०६ मिलिग्रॅम सेलेनियम असते. वरच्या आठ किलोच्या कोकराला म्हणजे अर्धा मिलिग्रॅमही लागत नाही. कोकरांना किलोला ०.४ मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा प्राणघातक ठरू शकते. औषध आणि विष यांच्यातले अंतर इतके कमी आहे. त्यात बाटलीवरचे आकडे दोन प्रकारे लिहिलेले असतात. काही बाटल्यांवर सेलेनियम लिहिलेले असते, काहींवर सोडियम सेलेनाइट. सेलेनाइटच्या वजनात सेलेनियम सुमारे ४६ टक्केच असते. मिलिलीटरला १.५ मिलिग्रॅम सोडियम सेलेनाइट असलेल्या औषधात सेलेनियम सुमारे ०.७ मिलिग्रॅम भरते, म्हणून या कोकराला त्यातले साधारण ०.७ मिलिलीटर पुरेल. मोठ्या जनावरांसाठीच्या, मिलिलीटरला ५ मिलिग्रॅम सेलेनियम असलेल्या औषधाचे मात्र ०.१ मिलिलीटरच पुरे होते. त्यातले पूर्ण एक मिलिलीटर टोचले तर किलोला ०.६ मिलिग्रॅमहून जास्त सेलेनियम जाते आणि कोकरू औषधानेच दगावते. अशा वेळी दिसणारा श्वासाचा त्रास रोगाच्या हृदयरूपासारखाच असल्याने चूक लक्षातही येत नाही. म्हणून मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी आणि अंदाजाने दुसरे इंजेक्शन देऊ नये.

प्रतिबंध आईपासून सुरू होतो. सेलेनियम वारेतून गर्भाला मिळते. ई जीवनसत्त्व मात्र वारेतून फारसे जात नाही, ते पिल्लाला चिकातून मिळते. त्यामुळे गाभण मेंढीला विण्याआधी साधारण महिनाभर सेलेनियम देणे आणि पिल्लाला पहिल्या काही तासांत पोटभर चीक पाजणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. एकाने दुसरे भागत नाही. न्यूझीलंडमध्ये खतातून हेक्टरी १० ग्रॅम सेलेनियम कुरणात टाकतात. इतरत्र खनिज मीठ किंवा पोटात हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या वापरतात. फिनलंडने १९८० च्या दशकात देशभरच्या खतांतच सेलेनियम मिसळायला सुरुवात केली. भारतात मात्र सरसकट पूरक देणे योग्य नाही. पंजाबच्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात जमिनीतले सेलेनियम इतके जास्त आहे की तिथे जनावरांना विषबाधा होते.

ई जीवनसत्त्वाची बाजू महाराष्ट्राच्या जास्त जवळची आहे. हिरव्या चाऱ्यात ते मुबलक असते, वाळवताना व साठवताना घटत जाते. उन्हाळाभर कडब्यावर काढलेल्या गाभण जनावराच्या चिकात ते कमी उतरते. तरी इथे पाय ताठरलेले वासरू दिसले की आधी नेहमीची कारणे तपासावीत. फऱ्या रोगात ताप चढतो, सूज बहुधा एका बाजूला येते, दाबल्यावर करकरते आणि स्नायू काळपट असतो. नाळेतून संसर्ग झाला असेल तर सांधे सुजून गरम लागतात. धनुर्वातात जबडा आवळतो आणि आवाजाने झटके येतात. कासविंद्याच्या बिया पोटात गेल्या तरी स्नायू असेच फिकट पडतात, आणि लहान वासरांना भरपूर सरकी पेंड दिली तर तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्याने हृदय निकामी होते. या दोन्हींत सेलेनियमच्या इंजेक्शनाने मूळ कारण जात नाही. खाद्यच बदलावे लागते.