एसआयपीचा हप्ता बाउन्स होणं आणि हप्ता पॉज करणं

दोन्हीत त्या महिन्याचे युनिट मिळत नाहीत, म्हणून बरेच जण ‘या महिन्यात हप्ता गेला नाही’ एवढंच म्हणून दोन्हींना एकच समजतात. खरं तर पॉज म्हणजे आपण फंडाला आधी सांगितलेली सुट्टी. बाउन्समध्ये फंड पैसे मागतो आणि बँक ‘शिल्लक नाही’ म्हणून परत पाठवते. फंड दंड लावत नाही, बँक लावते.

समजा, इंदूरच्या सराफ्यात एका दुकानात नोकरी आहे, पगार 7 तारखेला होतो, कधी 9 उजाडते. निफ्टी 50 इंडेक्स फंडात 5,000 रुपयांची एसआयपी 5 तारखेची ठेवली आहे. महिन्याच्या सुरुवातीला घरभाडं आणि किराणा गेला की खात्यात 4,600 उरतात. बँक त्यातून जमेल तेवढे कापत नाही, सगळा हप्ताच परत करते. परतीचं शुल्क 250 रुपये धरलं तर 18 टक्के जीएसटीसह 295 होतात, म्हणजे हप्त्याच्या जवळपास 6 टक्के. शिवाय लागोपाठ तीन मासिक हप्ते परत गेले की फंड एसआयपीच बंद करतो.

इथे साप्ताहिक एसआयपीवाल्यांनी जपायला हवं. 5,000 चे चार भाग करून दर आठवड्याला 1,250 ठेवले, तरी तीनची मोजणी तीच राहते. एका तंगीच्या महिन्यात तीन वेळा शुल्क बसेल आणि एसआयपीही संपेल. पगारदार माणसाला मासिकच बरी. तारीख 12 ठेवावी आणि पैसे आदल्या रात्रीच खात्यात असावेत, कारण वजावट बहुधा सकाळीच येते. कोणत्या तारखेला बाजार स्वस्त मिळेल या हिशेबात पडू नये. पगाराची तारीख पाहावी. रक्कम ठरवताना सर्वात तंगीच्या महिन्यात काय झेपेल ते धरावं.

घरात लग्न असेल किंवा शाळेची फी भरायची असेल, तर पॉज घ्यावा. बहुतेक फंड एक ते तीन महिन्यांची मुभा देतात, पण अर्ज हप्त्याच्या बरेच दिवस आधी करावा लागतो. किती दिवस, ते फंडागणिक बदलतं. मुदत संपली की हप्ते आपोआप सुरू होतात, तेव्हा खातं रिकामं असेल तर पुन्हा बाउन्स होतो.

सर्वात मोठी गफलत बँकेच्या अ‍ॅपमध्ये होते. ‘थांबवायचंय’ म्हणून तिथे मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची परवानगी, रद्द केलं, तरी फंडाकडे एसआयपी चालूच असते. तो पैसे मागतो, बँक नाकारते आणि तुमच्या नावावर चुकलेला हप्ता लागतो. पॉज नेहमी फंडाकडेच नोंदवावा.

हप्ता परत गेलाच, तर फंडाच्या मेसेजमध्ये कारण पाहावं. शिल्लक कमी असेल, तर पगार झाल्यावर त्याच फोलिओत 5,000 ची एकरकमी खरेदी करता येते. युनिट मात्र पैसे फंडापर्यंत पोहोचतील त्या दिवसाच्या एनएव्हीने, म्हणजे युनिटच्या भावाने मिळतील, आणि फंडाच्या मोजणीत तो हप्ता चुकलेलाच राहील.