लोखंडाचा अणू १७६ केल्व्हिनलाच का फुगतो?

Fe(phen)₂(NCS)₂ या संयुगात लोखंडाच्या अणूभोवती सहा नायट्रोजन आहेत: चार दोन फिनँथ्रोलीन रेणूंचे, दोन थायोसायनेटचे. हे सहाजण अष्टफलकाच्या टोकांवर बसलेले असतात. नेहमीच्या तापमानाला हे संयुग चुंबकाकडे ओढलं जातं. थंड करत गेलं, की १७६ केल्व्हिनजवळ (सुमारे उणे ९७ अंश सेल्सिअस) ही ओढ काही अंशांच्या आतच जवळजवळ नाहीशी होते. रेणूतला एकही बंध तुटलेला नसतो, फक्त इलेक्ट्रॉनांनी जागा बदललेल्या असतात. या संक्रमणाला स्पिन-क्रॉसओव्हर म्हणतात.

Fe²⁺ मध्ये सहा d-इलेक्ट्रॉन असतात. भोवतालच्या नायट्रोजनमुळे पाच d-कक्षकांचे दोन गट पडतात, तीन खालच्या ऊर्जेचे आणि दोन वरच्या. थंडीत सहाही इलेक्ट्रॉन खाली जोड्या करून बसतात, त्यामुळे चुंबकत्व उरत नाही. ही लो-स्पिन अवस्था. तापवल्यावर दोन वर जातात, चार इलेक्ट्रॉन एकटे राहतात, आणि ती हाय-स्पिन. वरचे कक्षक थेट नायट्रोजनच्या रोखाने असल्यामुळे तिथे इलेक्ट्रॉन गेले की Fe–N बंध सुमारे २.० वरून २.२ अँगस्ट्रॉमपर्यंत लांबतो. पुढचं सगळं या फुगण्यावर अवलंबून आहे.

आता तापमानाचं गणित. १९७४ साली जपानच्या सोराई आणि सेकी यांनी या संयुगाची उष्माधारकता मोजली. हाय-स्पिनमध्ये जायला मोलमागे ८.६ किलोज्यूल उष्णता लागते आणि एन्ट्रॉपी ४८.८ ज्यूल प्रति केल्व्हिनने वाढते. दोन्ही अवस्था निम्म्या-निम्म्या असतात ते तापमान म्हणजे या दोहोंचा भागाकार:

T½ = ΔH/ΔS = ८६००/४८.८ ≈ १७६ केल्व्हिन

गंमत एन्ट्रॉपीच्या आकड्यात आहे. चार एकट्या इलेक्ट्रॉनांचा एकत्रित स्पिन पाच प्रकारे मांडता येतो, जोड्या लागलेल्यांचा एकाच प्रकारे. यातून वायू स्थिरांक R धरून मिळते R ln ५, म्हणजे फक्त १३.४ ज्यूल. उरलेले ३५ ज्यूल मुख्यतः कंपनांचे: लांबलेले बंध सैल असतात, सैल बंध संथ थरथरतात, आणि संथ कंपनांना त्याच तापमानात जास्त ऊर्जापातळ्या खुल्या असतात. एन्ट्रॉपी फक्त स्पिनची असती, तर हाच भागाकार ६४० केल्व्हिनवर गेला असता. नावात ‘स्पिन’ असलं तरी जास्त काम कंपनंच करतात.

लिगँड क्षेत्राचा, म्हणजे लोखंडाला बांधलेल्या गटांच्या प्रभावाचा, वाटा बघायला थायोसायनेटच्या जागी सेलेनोसायनेट घ्या. क्षेत्र किंचित प्रबळ होतं, जोड्या करून बसणं अधिक फायद्याचं ठरतं आणि ΔH ११.६ किलोज्यूलवर जातो. एन्ट्रॉपी मात्र ५१ ज्यूलच्या आसपासच राहते. परिणामी संक्रमण २३१ केल्व्हिनला होतं. त्याच जागी क्लोराइड घातलं तर क्षेत्र इतकं दुबळं पडतं, की संयुग थंडीतही हाय-स्पिनच राहतं. सायनाइड घातलं तर नेहमीच्या तापमानालाही लो-स्पिन. म्हणजे संक्रमण दिसायला फार अरुंद पट्टी मिळते.

मात्र या भागाकारातून संक्रमण किती झटक्यात होईल हे कळत नाही. रेणू एकमेकांपासून अलिप्त असते, तर वरच्याच आकड्यांवरून हाय-स्पिनचं प्रमाण १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला साधारण १२८ ते २८२ केल्व्हिन एवढा पल्ला लागला असता. स्फटिकात मात्र एक रेणू फुगला की शेजाऱ्यांवर ताण येतो आणि त्यांनाही फुगणं सोपं जातं. रेणूंमधली ही बांधिलकी साध्या प्रारूपानुसार 2RT½ च्या (इथे सुमारे २.९ किलोज्यूल) पुढे गेली, की तापताना आणि थंड होतानाच्या वाटा वेगळ्या होतात. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात. आपल्या संयुगात तो जेमतेम अंशभराचा आहे.

[Fe(Htrz)₂(trz)]BF₄ मध्ये लोखंडाचे अणू ट्रायाझोलच्या ताठ पुलांनी साखळीत जोडलेले असतात, त्यामुळे ताण थेट पोचतो. हे जांभळट चूर्ण तापवताना सुमारे ३८५ केल्व्हिनला पांढरं होतं आणि थंड करताना साधारण ३४५ पर्यंत पांढरंच राहतं. ९० अंश सेल्सिअसला ते कोणत्या रंगाचं आहे, हे ते कुठल्या बाजूने आलं त्यावर ठरतं.

मोजताना मात्र फसगत होते. स्फटिकात अडकलेलं पाणी किंवा द्रावक पहिल्या तापवण्यात उडून जातं, पदार्थच बदलतो, आणि आलेख हिस्टेरेसिससारखा दिसतो. म्हणून दुसरं, तिसरं चक्र पहिल्यासारखंच येतं का ते बघायचं. तापमान भराभर बदललं तर नमुना तापमापकाच्या मागे राहतो. वेग निम्मा केल्यावर दोन वाटांमधली फट आकसली, तर तेवढा भाग उपकरणाचा. आणि नमुना खलात घोटू नये. Fe(phen)₂(NCS)₂ घोटलं तर संक्रमण पसरट होतं आणि काही रेणू थंडीतही हाय-स्पिनमध्येच अडकून राहतात.