मीठ बरोबर होतं

आजोळच्या एका पंगतीतली गोष्ट. मामीने पहाटेपासून राबून पुरणपोळ्या, कटाची आमटी, अळूवड्या असा साग्रसंगीत स्वयंपाक केला होता. जेवणं झाली. एक वयस्कर नातेवाईक हात धुऊन आले, सुपारी कातरत बसले आणि शांतपणे म्हणाले, "आमटीत मीठ बरोबर होतं." एवढंच. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याच पंगतीत दुसऱ्या कुणीतरी "पोळ्या चिवट झाल्यात" असं तोंडावर सांगितलं होतं. ते मामी केव्हाच विसरली. मिठाचं वाक्य मात्र तिला वीस वर्षांनंतरही शब्दशः आठवतं.

त्या वाक्यात एकही वाईट शब्द नाही. उलट आमटीची स्तुतीच आहे. मग मामीला झोंबलं ते काय?

याचं सगळ्यात नेमकं उत्तर पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने दिलं. 1967 साली हार्वर्ड विद्यापीठात त्याने काही व्याख्यानं दिली. त्यांतलं संभाषणाच्या तर्कावरचं व्याख्यान 1975 मध्ये छापून आलं. त्यात त्याने एका शिफारसपत्राचं उदाहरण घेतलं आहे. एक विद्यार्थी तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज करतो आणि त्याचे प्राध्यापक पत्र लिहितात. पत्राचा आशय एवढाच, की उमेदवाराचं इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व आहे आणि तो वर्गाला नियमित हजर असे. खाली सही.

हे पत्र वाचणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते सावकाश पाहू. हे प्राध्यापक त्या मुलाला ओळखतात, कारण तो त्यांचाच विद्यार्थी. आपल्याला तत्त्वज्ञानाबद्दल माहिती हवी आहे, हे त्यांना ठाऊक आहे. सांगायचंच नसतं तर त्यांनी पत्र लिहिलंच नसतं. म्हणजे त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, पण ते कागदावर उतरवायला त्यांचा हात धजत नाही. असं काय असू शकतं? एकच गोष्ट: मुलाला तत्त्वज्ञान येत नाही. हा निष्कर्ष पत्रात कुठेही लिहिलेला नाही. तो वाचणाऱ्याने स्वतः काढला आहे.

ग्राइसचं म्हणणं असं, की बोलताना आपण एकमेकांकडून एक अपेक्षा धरून असतो: प्रसंगाला जेवढी माहिती लागते तेवढी समोरचा देईल. त्याने मुद्दाम कमी दिली, की ऐकणारा ती पोकळी भरायला लागतो. मामीने तेच केलं. पुरणपोळीच्या जेवणानंतर माणूस आधी पोळीबद्दल बोलतो. हे गृहस्थ पोळी ओलांडून, अळूवड्या ओलांडून, थेट मिठापाशी येऊन थांबले. मधलं सगळं मामीने स्वतः भरलं, आणि भरताना हात आखडता घेतला नाही.

भरणारा नेहमी खालच्या दिशेने का भरतो, हा यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न आहे. त्यावर मानसशास्त्रज्ञ ज्याँ-फ्रांस्वा बोनफों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी माणसांना सांगितलं, समजा तुम्ही एका कवितामंडळात आहात. या आठवड्यात तुमच्या कवितेवर तुमच्या अपरोक्ष चर्चा झाली. नंतर एक सदस्य येऊन सांगतो, "काही जणांना तुमची कविता फार आवडली." दुसऱ्या गटाला सांगितलं, "काही जणांना तुमची कविता अजिबात आवडली नाही." मग दोन्ही गटांना विचारलं, हे ऐकून सगळ्यांचंच तसं मत असेल असं तुम्हाला वाटू शकतं का?

तर्काने पाहिलं तर दोन्हीकडे "काही" हा एकच शब्द आहे, त्यामुळे उत्तरही एकच यायला हवं. ते तसं आलं नाही. "काहींना आवडली" ऐकणाऱ्यांनी बहुतांशी "म्हणजे सगळ्यांना नाही" असा अर्थ लावला. "काहींना आवडली नाही" ऐकणाऱ्यांमध्ये मात्र "कदाचित कुणालाच आवडली नसेल" असं मानणारे बरेच जास्त निघाले. कारण साधं आहे. कौतुक कुणी दाबून ठेवत नाही, म्हणून कमी कौतुक म्हणजे खरोखरच कमी. वाईट बातमी मात्र माणसं सभ्यपणाने सौम्य करून सांगतात हे आपल्याला माहीत असतं, म्हणून ती ऐकताना आपण तो सभ्यपणा वजा करून टाकतो. दोन्ही वाटा उताराच्याच आहेत. म्हणून "बरी होती" हे "वाईट होती" च्या शेजारी जाऊन बसतं.

कडक शब्दांत केलेली टीका याच्या उलट वागते असं मला वाटतं. कुणी ओरडून "भिकार स्वयंपाक" म्हणालं, तर आपण त्यातून त्याचा राग वजा करतो: चिडलाय, पित्त झालंय, स्वभावच तसा आहे. थंड चेहऱ्याने बोललेल्या वाक्यात वजा करण्यासारखं काही सापडत नाही. शिवाय स्वर सपाट असला की हा टोमणा आहे की साधं बोलणं हेही चटकन ठरवता येत नाही, त्यामुळे वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळत राहतं. आणि स्वतः जुळवलेली गोष्ट लक्षातही जास्त राहते. नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये शब्दांच्या जोड्यांवर हे दाखवलं होतं: दिलेला शब्द नुसता वाचण्यापेक्षा पहिल्या अक्षरावरून स्वतः शोधून काढला, तर तो अधिक आठवतो. तो प्रयोग टोमण्यांवर नव्हता, पण मामीच्या वीस वर्षांच्या आठवणीमागे तीच यंत्रणा असावी.

बोलणारा मात्र यात मोकळा राहतो. ग्राइसने अशा सूचित अर्थाची एक खूणच सांगितली आहे: तो मूळ वाक्याला धक्का न लावता मागे घेता येतो. "मीठ बरोबर होतं, आणि पोळ्यांना तर तोड नव्हती" असं पुढे जोडलं, तरी कुठे विसंगती येत नाही. म्हणूनच मामीला भांडताही आलं नाही. भांडायला गेली असती तर "मी कुठे काय म्हणालो?" हे उत्तर तयार होतं.

ही युक्ती आपल्या मातीत फार जुनी आहे. हाल राजाच्या माहाराष्ट्री प्राकृत गाथांमध्ये गोदाकाठची एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते, की बाबा, आता खुशाल फिर, तू ज्याला भीत होतास त्या कुत्र्याला आज गोदेच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहाने मारलं. शब्दांनी परवानगी, अर्थाने मनाई: तिच्या एकांताच्या जागी त्याने फिरकू नये, एवढंच तिला हवं आहे. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने काव्यातला ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली. त्या बाईलाही शब्दांत पकडता येत नाही.

पण हे बाण नेहमी लागतातच असं नाही. मानसशास्त्रज्ञ इरा नोव्हेक यांनी 2001 मध्ये मुलांना "काही जिराफांची मान लांब असते" अशी वाक्यं दिली. सात-आठ वर्षांच्या मुलांनी ती बहुतेक वेळा बरोबर ठरवली. मोठी माणसं मात्र "काही कसं? सगळ्यांचीच असते" म्हणून पुष्कळदा अडली. न सांगितलेलं ऐकू येणं हे वयाने येतं. त्या पंगतीत मी आठ वर्षांचा होतो, आणि मामीला खरंच शाबासकी मिळाली असं मला वाटलं होतं.

मोठ्यांनाही संदर्भ ठाऊक असावा लागतो. ग्राइसचं तेच पत्र इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी गेलं असतं, तर ती चांगली शिफारस ठरली असती. मामीच्या सुनेच्या हातून पहिल्या महिन्यात तीनदा आमटी खारट झाली. चौथ्यांदा मामीने वाटी संपवली आणि म्हणाली, "आज मीठ बरोबर आहे हं." सुनेचा चेहरा उजळला.