पुडीतील औषधी चूर्णांची छापील सूचनांवरून ओळख

जलसंजीवनी (ओआरएस), आम्लपित्तावरचे फसफसणारे चूर्ण आणि बद्धकोष्ठतेवरचे रेचक चूर्ण ही तिन्ही औषधे भारतात चिठ्ठीशिवाय सहज मिळतात. तिन्ही साधारण सारख्याच चकचकीत पुडीत येतात आणि घरात बहुधा एकाच डब्यात पडून राहतात. आतली पूड पांढरी किंवा फिकट असते. संत्र्याचा आणि लिंबाचा स्वाद तिन्हींत आढळतो, त्यामुळे पुडीवरचे फळाचे चित्र ओळखीला उपयोगी पडत नाही. कोणत्याही ओआरएसला ‘इलेक्ट्रल’ आणि कोणत्याही फसफसणाऱ्या पुडीला ‘इनो’ म्हणण्याची सवय असल्याने तोंडी मागणीवरही विसंबता येत नाही. भरवशाची ओळख पुडीच्या मागच्या बाजूला दोन ठिकाणी मिळते: एक घटकांचा तक्ता आणि दुसरी वापरण्याची रीत.

यांपैकी वापरण्याची रीत आधी वाचावी. पूड किती पाण्यात घालायची, ते पाणी केव्हा प्यायचे आणि केव्हा थांबायचे, या तीन गोष्टींची उत्तरे तिन्ही औषधांत इतकी वेगळी असतात की रसायनांची नावे कळली नाहीत तरी गट समजतो.

जलसंजीवनीच्या मोठ्या पुडीवर सगळी पूड एक लिटर पाण्यात विरघळवायला सांगितलेले असते. पाणी उकळून गार केलेले घ्यावे, तयार द्रावण पुन्हा उकळू नये आणि २४ तासांत वापरून उरलेले फेकून द्यावे, असेही छापलेले असते. मात्रा ‘दर जुलाबानंतर’ अशी किंवा वयानुसार दिलेली असते. दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला, घोटघोट. एवढे पाणी आणि एवढा वेळ इतर दोन गटांतली पुडी सहसा मागत नाही. अपवाद एक आहे, तो पुढे येईल.

घटकांचा तक्ता ही ओळख पक्की करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे एका लिटरसाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम लागते. बेरीज २०.५ ग्रॅम होते. स्वाद वगैरे धरून बाजारातली पुडी २१-२२ ग्रॅमच्या घरात भरते. ग्लुकोजच्या जागी ‘डेक्स्ट्रोज’ असे छापलेले असले तरी पदार्थ तोच असतो. या तक्त्यातला निर्णायक घटक मीठ नसून ग्लुकोज आहे. आतड्याच्या आतल्या आवरणातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी येते; जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. म्हणून क्षारांच्या यादीत ग्लुकोज दिसत नसेल तर ती पुडी नेहमीची जलसंजीवनी नव्हे. तांदळाच्या पिठीवर आधारलेले प्रकार आहेत, पण त्यांवर तसे स्पष्ट छापलेले असते.

पुडी बरोबर ओळखूनही सर्वाधिक घोटाळा होतो तो तिच्या आकारात. एक लिटरच्या पुडीबरोबरच २०० मिलिलिटरची, म्हणजे एका पेल्याची, साधारण चार ग्रॅमची लहान पुडीही विकली जाते. मोठी पुडी एका पेल्यात घातली तर काय होते ते आकड्यांत पाहू. योग्य द्रावणात दर लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असते. तीच पूड पाचव्या हिश्श्याच्या पाण्यात घातली की ते ३७५ होते, आणि विरघळलेल्या सर्व कणांची एकूण संहती २४५ वरून १२२५ वर जाते. इतके तीव्र द्रावण आतड्यात उलट शरीरातलेच पाणी ओढते, जुलाब वाढतात आणि बाळाच्या रक्तातले सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. उलट लहान पुडी लिटरभर पाण्यात घातली तर सोडियम १५ वर येते आणि बाळाची क्षारांची तूट भरून निघत नाही. ‘एक पुडी पाण्यात टाकून दे’ असे सांगताना पाण्याचा आकडा सांगितला नाही तर निम्मी सूचना गळते. आशा कार्यकर्तीकडून मिळणारी पुडी सहसा लिटरची असते, दुकानातली दोन्हींपैकी कोणतीही असू शकते.

नावात किंवा वेष्टनावर जलसंजीवनीचा भास देणारी तयार गोड पेये हा वेगळा वर्ग आहे. त्यांच्यावर औषध-उत्पादन परवान्याच्या क्रमांकाऐवजी अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असतो. त्यांत साखर बरीच जास्त आणि सोडियम कमी असल्याने जुलाबात ती उपकारक नाहीत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली, पण जुना साठा घरात उरला असेल तर क्रमांक पाहूनच फरक कळतो. औषधी जलसंजीवनीवर घटकांपुढे ‘आय. पी.’ ही अक्षरे असतात. तो घटक भारतीय औषधसंहितेच्या निकषाचा आहे, असा त्यांचा अर्थ.

आम्लपित्तावरच्या पुडीची रीत अगदी थोडक्यात असते: पाच ग्रॅमची पुडी एका पेल्यात घाला, फसफस शमली की लगेच प्या. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ठेवून थोडे थोडे प्यायला ही पुडी कधीच सांगत नाही. पुढे दिवसाला दोनपेक्षा जास्त मात्रा नको, बारा वर्षांखालील मुलांना नको, सलग दोन आठवड्यांहून जास्त नको, अशा मर्यादा येतात. घटकांत सोडियम बायकार्बोनेट, सायट्रिक ॲसिड आणि बहुधा सोडियम कार्बोनेट असते. यांतल्या काही पुड्या भारतात आयुर्वेदिक औषध म्हणून विकल्या जातात, तेव्हा हीच रसायने स्वर्जिकाक्षार आणि निंबुकाम्ल या नावांनी दिसतात. पुढच्या बाजूला ‘फ्रूट सॉल्ट’ असते आणि जलसंजीवनीच्या इंग्रजी नावातही ‘सॉल्ट्स’ असते. घाईत तेवढाच शब्द वाचला जातो. ढोकळ्यासाठी हीच पुडी स्वयंपाकघरात असते, त्यामुळे औषधाच्या डब्याबाहेरही ती सापडते.

ही पुडी चुकून जुलाबाच्या रुग्णाला दिली तर ग्लुकोज आणि पोटॅशियम नसल्याने पाण्याची तूट भरून निघत नाही आणि मोलाचा वेळ जातो. शिवाय तिच्यात सोडियम भरपूर असते. पाच ग्रॅमच्या पुडीत ते सुमारे ०.८५ ग्रॅम भरते, म्हणजे जलसंजीवनीच्या अर्ध्या लिटरमध्ये असते तितके. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी पुडीवर बारीक अक्षरांत जो इशारा असतो, तो यामुळेच.

रेचकांत मात्र एकच रीत नाही. इसबगोलाच्या पुडीवर साधारण ३.५ ग्रॅम भुसी पेलाभर पाण्यात ढवळून ती फुगण्याआधी प्यावी आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे, असे असते. पाणी कमी पडले तर भुसी घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते, म्हणून गिळायला त्रास होणाऱ्यांना ती देत नाहीत. सोनामुखीची आयुर्वेदिक चूर्णे बहुधा ‘रात्री झोपताना, कोमट पाण्याबरोबर’ असे सांगतात. या दोन्हींची गफलत जलसंजीवनीशी होणे कठीण आहे.

खरी फसगत पॉलिइथिलीन ग्लायकॉल असलेल्या रेचकांत होते. यातल्या अनेक प्रकारांत शरीरातले क्षार बिघडू नयेत म्हणून मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड मुद्दाम मिसळतात आणि पुढे ‘विथ इलेक्ट्रोलाइट्स’ असे छापतात. समजा, वरची कड फाटल्याने एका पुडीचे नाव गेले आहे. उरलेल्या मजकुरात सोडियम क्लोराइड ३५०.७, पोटॅशियम क्लोराइड ४६.६ आणि सोडियम बायकार्बोनेट १७८.५ असे आकडे दिसतात. वजन चौदा ग्रॅमच्या आसपास, चव लिंबाची. वाचणाऱ्याला दोन ओळखीचे क्षार दिसतात आणि ही जलसंजीवनी वाटते. आता आकड्यांपुढची एकके पाहावीत. हे मिलिग्रॅम आहेत. म्हणजे मीठ फक्त ०.३५ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड जवळजवळ नाहीच. मग बाकीचे साडेतेरा ग्रॅम कशाचे, हा पुढचा प्रश्न. यादीत ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज नाही. पहिल्याच ओळीत ‘मॅक्रोगोल ३३५०’ १३.१२५ ग्रॅम आहे. मॅक्रोगोल हे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचेच दुसरे नाव. ते आतड्यातून शोषले जात नाही आणि पाणी धरून मळ मऊ करते. शेवटी रीत वाचली की पुडी १२५ मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या पेल्याहून थोड्या जास्त पाण्यात घालायची आहे. जलसंजीवनीच्या पुडीवर हा आकडा येत नाही. ही बद्धकोष्ठतेची पुडी आहे, आणि जुलाब होणाऱ्याला दिली तर ती पाणी आतड्यातच अडकवून ठेवील.

याच कुळातली मोठी पुडी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करण्याआधी देतात. वर सांगितलेला अपवाद तो हाच, कारण ती लिटरच्या हिशोबाने पाणी मागते. सुमारे १३७ ग्रॅमची पूड दोन लिटर पाण्यात मिसळून थोड्याथोड्या मिनिटांनी पेला पेला संपवायची असते. वजन जलसंजीवनीच्या सहापटीहून अधिक असल्याने हातात घेताच शंका यावी. शिवाय ‘दर जुलाबानंतर’ ऐवजी तिच्यावर तपासणीपूर्वीच्या उपाशीपणाच्या सूचना असतात.

पाण्यात टाकून पाहण्याची परीक्षा अर्धवटच उपयोगी आहे. फसफसली तर बायकार्बोनेट आणि आम्ल एकत्र आहेत, बुळबुळीत लगदा झाला तर इसबगोल. पण मॅक्रोगोल आणि जलसंजीवनी दोन्ही शांतपणे विरघळून पाणी नितळ राहू शकते, त्यामुळे ज्या जोडीत घोळ होतो तिथेच ही परीक्षा निकामी ठरते. चाखून ठरवणे तर टाळावेच.

मजकूर वाचता आला तरी पुडी वापरण्याजोगी आहे का, हे निराळे पाहावे लागते. अंतिम तारीख आणि बॅच क्रमांक बऱ्याचदा शिवणीच्या कडेला ठशाने उमटवतात आणि कोपरा फाडताना नेमका तोच भाग निघतो. म्हणून पुडी विरुद्ध कडेने फाडावी. जलसंजीवनीची पूड पिवळी-तपकिरी होऊन तिचे खडे झाले असतील तर आत दमट हवा शिरली आहे. फसफसणारी पुडी न उघडताच फुगली असेल तर ओल लागून वायू आतच सुटला आहे. घटक, पाण्याचे प्रमाण आणि तारीख यांपैकी एक जरी वाचता येत नसेल तर पुडी टाकून द्यावी. जुलाब चालू असताना दुसरी मिळेपर्यंत बाळाचे दूध बंद करू नये आणि मोठ्यांना पेज, ताक किंवा वरणाचे पाणी चिमूटभर मीठ घालून देत राहावे. डोळे खोल गेले, बाळ सुस्त झाले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले तर पुडीच्या शोधात न थांबता दवाखाना गाठावा.